मदत हवी आहे: गटात कोण खरं काम करतंय हे खुणांच्या यादीत दिसतच नाही

धुळ्याची बाई
7वीला शिकवते, पट 32. चार-चार मुलांच्या गटांनी गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची, असा प्रकल्प दिला होता. सहकार्य आणि संवाद या कौशल्यांसाठी माझ्याकडे दहा विधानांची यादी होती: 'गटात सहभागी होतो', 'आपले मत स्पष्ट मांडतो', वगैरे. समोर खूण करायची.

एका गटातल्या मुलाला दहापैकी दहा खुणा मिळाल्या. तो मोठ्याने बोलतो, सादरीकरणही त्यानेच केलं. त्याच गटातल्या एका मुलीला चार. पण दोरीला गाठी मारून पाणी मोजताना तिच्याच लक्षात आलं होतं की दुसऱ्या विहिरीचा कठडा उंच आहे, म्हणून पाणी खोल गेल्यासारखं दिसतंय. मुलाने आधी उडवून लावलं. मग तिने कठडा वेगळा मोजून दाखवला आणि गटाने दोन्ही आकडे जमिनीपासून धरले. हे सगळं अहिराणीत झालं, माझ्यासमोर ती गप्पच असते. मला हे कळलं ते केवळ मी योगायोगाने तिथे उभी होते म्हणून. बाकीच्या सात गटांत काय निसटलं असेल?

प्रसाद७
मॅडम, खुणांऐवजी चार श्रेणी ठेवा: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित. प्रश्न सुटेल. ही कौशल्यं मोजता येतात, 2015च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहकार्य मोजलंच होतं.

निवृत्त केंद्रप्रमुख
प्रसाद सर, 'बऱ्याचदा' म्हणजे किती वेळा, हे कुणी मोजलेलं नसतं. खूण एकाऐवजी चार रकान्यांत गेली, एवढंच. आणि पिसात मुलं संगणकातल्या ठरावीक पात्रांशी बोलत होती. सगळ्यांना सारखीच परिस्थिती मिळाली, त्यामुळे तुलना जमली. पण उडवून लावणाऱ्या वर्गमित्राला पटवणं ही वेगळी गोष्ट आहे.

बाई, तुम्ही योगायोगाने जे केलंत तेच ठरवून करा. एका गटाजवळ सहा-सात मिनिटं बसायचं आणि फक्त दोन गोष्टी लिहायच्या: कोण काय म्हणालं, आणि त्यानंतर कामात काय बदललं. शब्द मुलांचेच, अहिराणी असेल तर अहिराणीच. 'छान सहकार्य करते' हे त्या वेळी लिहायचं नाही, तो निष्कर्ष झाला. एका तासाला दोन गट घेतले तर चार तासांत आठही होतात. मतभेद होतो त्या वेळी जवळ असणं महत्त्वाचं, कारण सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा फारसं काही कळत नाही.

दुसरं, काम असं द्या की एकट्याला पुरं करता येणार नाही. प्रत्येकाने वेगळ्या विहिरीवर जायचं आणि उतरता क्रम मात्र गटाने मिळून लावायचा. मग कठड्याचा घोळ बोलल्याशिवाय सुटणारच नाही.

रेवाची आई
माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'सहकार्यात सुधारणा हवी' असा शेरा आला. बाकीची मुलं काही करेनात म्हणून तिने रात्री जागून अख्खा तक्ता एकटीने केला होता! हा अन्याय नाही का?

निवृत्त केंद्रप्रमुख
ताई, तिची मेहनत खरी आहे, पण ते सहकार्य नव्हे. तरी शेरा चुकलाच. 'तक्ता एकटीने पूर्ण केला, काम वाटून घ्यायला कुणी तयार नव्हतं' असं लिहिलं असतं तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते शिक्षकांना आणि तुम्हाला, दोघांनाही कळलं असतं.

कविता_शिक्षिका
समग्र प्रगती पुस्तकासाठी तयार नोंदी कुणाकडे आहेत का? पीडीएफ चालेल.

निवृत्त केंद्रप्रमुख
कविताताई, 2010मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा वर्णनात्मक नोंदींचं हेच झालं. तयार याद्या हातोहात फिरल्या. नाव बदललं तरी नोंद तशीच लागू पडत असेल, तर ती त्या मुलाची नाही.

धुळ्याची बाई
सर, दोन आठवडे करून पाहिलं. मुलांनाही एकच प्रश्न लेखी विचारला: 'कुणाच्या बोलण्यामुळे तुमचा बेत बदलला, आणि कसा?' तिच्या गटातल्या तिघांनी तिचं नाव लिहिलं, त्या मुलानेसुद्धा. 'कठडा' हा शब्द तिन्ही कागदांवर आहे.

मग तीच टिपणं शेजारच्या वर्गाच्या सरांना दिली आणि दोघांनी स्वतंत्रपणे शेरे लिहिले. सहकार्याबद्दल आमचं जवळजवळ जुळलं. संवादाबद्दल मात्र नाही. सर म्हणतात, चारचौघांत प्रमाण मराठीत मांडता आलं पाहिजे, नाहीतर पुढे तिचंच नुकसान होईल. मी म्हणते, ऐकणाऱ्याला पटलं तर संवाद झाला.

निवृत्त केंद्रप्रमुख
दोन्ही वेगळं लिहा. गटाला पटवता येणं ही एक नोंद, अनोळखी श्रोत्यांसमोर मांडणं ही दुसरी. आणि दुसऱ्या गटात, दुसऱ्या कामात ती कशी वागते हे पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल कायमचं काही लिहू नका. निदान तीन प्रसंग हवेत.

धुळ्याची बाई
तेवढे प्रसंग सत्र संपेपर्यंत 32 जणांचे होणार नाहीत. आणि तक्त्यात शेवटी एकच श्रेणी भरायची आहे. तिला कोणती देऊ, हे अजून ठरलेलं नाही. कुणी असा रकाना भरताना काय केलंय, ते सांगाल का?