आप्पांनी मशीन लावल्या त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?

गच्चीवरची

शुक्रवार पेठेतले आमचे आप्पा. व्हिडिओ गेमचं पार्लर बंद करून वीस वर्षं झाली, पण तीन मशीन वाड्याच्या तळघरात गोधड्या पांघरून पडल्या होत्या. मे महिन्यात बोळातली पोरं सारखी विचारायला लागली आणि एक दिवस आप्पा म्हणाले, "रविवारी पाच ते आठ. पुन्हा नाही." गुरुवार मुद्दाम टाळला, लाईट जाते म्हणून. मी वरून पाहत होते. जे आत होते त्यांनी लिहा ना.

सोल्डरवाला

मी होतो. आप्पांनी आठ दिवस आधीच बोलावलं होतं. इतकी वर्षं पडून असलेली मशीन थेट प्लगात खुपसायची नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावला. क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर पुढे जायचं. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. दोन मशीन पास झाल्या, तिसरीचा बल्ब मंद व्हायलाच तयार नव्हता. तिचा सप्लाय बदलला.

मग पहिलीवर गेम सुरू व्हायचा आणि अर्ध्या मिनिटात परत पहिल्यापासून. सप्लायजवळ मोजलं तर पाच व्होल्ट बरोबर. बोर्डाच्या टोकाशी मोजलं तर चार पॉइंट सहा! वायर आणि काळवंडलेल्या कनेक्टरमध्ये बाकीचं मरत होतं. बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं घासल्या, सप्लायवरचा छोटा स्क्रू जरासा फिरवला, पाच झाले. मीटर बोर्डाशीच लावायचा, हे नवे लोक विसरतात.

बुधवारातला बंड्या

साडेसहाला मधल्या मशीनचं चित्र गेलं आणि मधोमध एकच पांढरी आडवी रेघ राहिली. मी तेव्हाच म्हणालो, पिक्चर ट्यूब गेली. तरी आप्पांनी उगाच उघडत बसून पोरांचा अर्धा तास घालवला.

सोल्डरवाला

बंडोपंत, ट्यूब गेली असती तर रेघही दिसली नसती. रेघ दिसते म्हणजे ट्यूब ठणठणीत, फक्त चित्र वर-खाली पसरवणारा भाग झोपलाय. तिथली आयसी तापते, वर्षानुवर्षं तापून तिच्या पायांचं सोल्डर सुटतं. आप्पांनी आधी स्विच काढला आणि ट्यूबच्या बाजूची रबरी टोपी आहे ना, तिच्याखाली अर्थची वायर बांधलेला स्क्रूड्रायव्हर सरकवला. टक्क! पोरं मागे सरकली. त्यांना दाराबाहेर उभं करूनच मी डाग दिले. आधीच काढायला हवं होतं, ती चूक माझी.

काकूंची भाची

मला यातलं काही कळत नाही. मी पोह्यांची परात घेऊन उभी होते. एक चिमुरडी काचेवर बोट फिरवत राहिली, "आप्पा, हे हलतच नाही." दुसऱ्यानं विचारलं, "पॉज कुठंय?" आप्पा म्हणाले, "पॉज म्हणजे तुझी आई हाक मारते तो."

शिवाय नाण्यांची पंचाईत. पोरांनी आणलेले रुपये खालून खुळ्ळकन परत यायचे, कारण 2011 पासूनचा रुपया आकारानं लहान आहे. काकूंनी देवघरातला डबा आणला, त्यात मोठे जुने रुपये. पोरांना ते वाटायचे, पेटी भरली की उघडून परत वाटायचे.

एकेकाळचा उनाड

असल्याच एका पार्लरात मी दहावीच्या क्लासचे पैसे घालवले. बाबांनी कान धरून बाहेर काढलं. तेव्हा 'मुस्तफा' म्हणायचो तो गेम, कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, 1993 चा. आप्पांकडे तो आहे का? विकतील का?

गच्चीवरची

विकायचा प्रश्न नाही हो, अनुभव विचारलाय.

बुधवारातला बंड्या

मुस्तफा तिसऱ्या मशीनवर होता आणि उठलाच नाही. बोर्डावर बॅटरी असते, ती संपली की गेम मरतो. हे तरी बरोबर ना?

सोल्डरवाला

अर्धं. कंपनीच्या अस्सल बोर्डाला बॅटरी असते आणि ती संपली की गेम नीट उठत नाही, खरंय. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डुप्लिकेट बोर्ड चालायचे, त्यांचा जीव बॅटरीत नव्हता. आप्पांचा कुठला, ते शपथेवर सांगतात अस्सल. मी बोर्ड काढून बघू म्हणालो तर म्हणाले, राहू दे.

काकूंची भाची

तिसरीचा पडदा पेटला होता, गेम नव्हता एवढंच. आठ वाजता सगळे गेल्यावर आप्पा तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि काठी नुसतीच हलवत राहिले. टिकटिक, टिकटिक. काकू वरून ओरडल्या, "अहो, जेवायला." आप्पा म्हणाले, "आलो, एवढा लाईफ संपू दे."