एक पातळ लॅपटॉप, एक डॉक, दोन मॉनिटर : तुमचे अनुभव सांगा

डिचोलीची मृणाल

मंडळी, हा धागा अनुभवांसाठी काढलाय, रडगाणं माझंच आधी. घरून अकाउंट्सचं काम करते, 2019 चा 13 इंची पातळ लॅपटॉप आहे, इंटेलची 8वी पिढी, बाजूला दोन सी पोर्ट आणि एक हेडफोनचं भोक, बस एवढंच. चवथीच्या आधी 27 इंचाचे दोन 2के मॉनिटर घेतले आणि एक यूएसबी-सी डॉक, म्हटलं एक केबल लावली की चार्जिंग, कीबोर्ड, दोन्ही स्क्रीन सगळं होईल.

झालं काय, पहिला मॉनिटर 2560×1440 ला 60 हर्ट्झवर झकास चालतो आणि दुसऱ्याच्या यादीत 1600×900 च्या वर काही येतच नाही, एक्सेलचे आकडे कापसात गुंडाळल्यासारखे दिसतात. मॉनिटर अदलाबदल केले, केबली बदलल्या, जो दुसरा लागतो तो मरतो. एकेकटा लावला तर दोन्ही ठणठणीत. दुकानदार म्हणाला डॉक बरोबर आहे, लॅपटॉप खराब. आणि खरंच भावाचा दोन वर्षांपूर्वीचा लॅपटॉप त्याच डॉकला लावला तर दोन्ही 2के, दोन्ही 60! मग माझा पोर्ट गेलाय का? तुमच्याकडे काय झालं ते लिहा, जमलं असेल तर कसं ते पण.

वास्कोचा बाबू

मी डॉक वाचून मुरगाव बंदराचा धागा समजून उघडला. आलोच आहे तर वाचतो.

म्हापशेकर

मृणालताई, केबल. शंभर टक्के केबल. माझ्याकडे सेम झालेलं, डॉकबरोबरची केबल छोटी होती म्हणून मी मोबाईलच्या चार्जरची लांब सी केबल लावली, चार्जिंग होतंय, माऊस चालतोय आणि मॉनिटर दोन्ही काळे. दोन दिवस डॉकला शिव्या घातल्या. मग शुक्रवारच्या बाजारात गेलो तेव्हा 100 वॅटची जाड केबल आणली, लगेच चित्र आलं. तुम्ही पण 100 वॅटची घ्या, जितके वॅट जास्त तितकं चित्र चांगलं.

पर्वरीचा खटपट्या

म्हापशेकर बाब, तुमचं निदान तुमच्यापुरतं बरोबर, कारण चुकलं. वॅटचा आणि चित्राचा संबंध नाही, 100 वॅटची केबल आतून नुसती यूएसबी 2.0 ची असू शकते, चार्जर फुल आणि चित्र शून्य. तुमच्या नशिबानं त्या केबलमध्ये सगळ्या तारा होत्या. पण अशी केबल असली की चित्र अजिबातच येत नाही. मृणालला एक मॉनिटर पूर्ण येतोय, म्हणजे तिची केबल निर्दोष.

मृणाल, तुझा पोर्ट पण गेलेला नाही, तो पुरेसा रुंद नाही इतकंच. मी ऑफिसात असले तीसेक डेस्क मांडलेत, नेमका हाच घोळ चार-पाच वेळा पाहिलाय म्हणून सविस्तर लिहितो.

सी केबलमध्ये वेगवान कामासाठी तारांच्या चार जोड्या असतात. त्या सगळ्या चित्राला देता येतात किंवा अर्ध्या चित्राला आणि अर्ध्या यूएसबीला. तुझ्या डॉकवर निळे यूएसबी 3 चे पोर्ट असतील, म्हणजे दोन जोड्या तिकडे गेल्या आणि चित्राच्या वाट्याला दोनच उरल्या, मग तू त्या निळ्या पोर्टांत काही लाव नाहीतर नको लावू. आता तुझ्या 8व्या पिढीचं ग्राफिक्स एका जोडीतून सेकंदाला कामाचे साधारण 4.3 गिगाबिट ढकलतं. दोन जोड्या मिळून 8.6. एक 2560×1440 मॉनिटर 60 हर्ट्झला 5.8 खातो. म्हणजे उरले 2.8. 1080 ला पण साधारण साडेतीन लागतात, ते बसत नाहीत, 1600×900 ला 2.6 च्या आसपास लागतात ते बसतात, म्हणून यादी तिथंच तुटते. जो मॉनिटर आधी बसतो तो पोटभर जेवतो आणि दुसऱ्याला उरलंसुरलं.

खात्री करायची तर दोन्ही मॉनिटर 1920×1080 वर टाक, पहिला आधी खाली आण आणि मग दुसरा वर ने. दोन्ही 60 ला धरले तर मी म्हणतो तेच आहे. `Settings` मध्ये `System`, `Display`, मग `Advanced display`, तिथं प्रत्येक मॉनिटर निवडून खरं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दिसतात, नुसतं डोळ्यानं ठरवू नको.

भावाचं का चाललं? 11व्या पिढीपासूनची ग्राफिक्स एका जोडीतून जवळपास साडेसहा ढकलतात, दोन जोड्यांचे झाले 12.9, आणि दोन मॉनिटरचे लागतात 11.6. बसले. अर्थात डॉकही तेवढ्या वेगाचा असावा लागतो, तुझा आहे हे भावानं सिद्ध केलंच.

डिचोलीची मृणाल

खटपट्या दादा, केलं!! दोन्ही 1080 ला, दोन्ही 60. म्हणजे दुकानदाराकडे लॅपटॉप ठेवून आले असते तर फुकट बिल झालं असतं. पण 27 इंचावर 1080 म्हणजे अक्षरं अशी जाडीभरडी दिसतात की 2के चे पैसे का दिले असं वाटतं. आता नवा लॅपटॉप न घेता काय करता येईल?

मडगावची सुलभा

माझं वेगळंच. माझ्याकडे मॅकबुक एअर, एम1 वाला. डॉक लावला तर दोन्ही मॉनिटर चालू, दोन्ही एकदम स्वच्छ, पण दोन्हीवर तेच चित्र! यजमान म्हणाले छान, आता एक तुला एक मला. सेटिंगमध्ये तास घालवला, दोन वेगळे मॉनिटर म्हणून दिसतच नाहीत.

नंतर कळलं की चूक माझीच, घेताना वाचलं नाही. त्या एम1 एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो असं कंपनीनं स्पेकमध्ये लिहिलेलंच आहे. आणि हे डॉक ज्या पद्धतीनं एका केबलमधली चित्रं दोन मॉनिटरना वाटतात ती पद्धत मॅक वापरत नाही, विंडोज आणि लिनक्स वापरतात. म्हणून दोन्हीकडे एकच जुळं.

शेवटी डिस्प्लेलिंकवाला डॉक घेतला. तो चित्र साध्या यूएसबीच्या डेटासारखं पाठवतो, त्याचं ॲप टाकावं लागतं आणि मॅकमध्ये त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ती दिली नाही तर मॉनिटर काळेच. आता दोन्ही वेगळे चालतात. तोटे पण सांगते, पैसे भरून बघायचे सिनेमे चालू केले की आवाज येतो चित्र येत नाही, कारण त्या साईटला वाटतं मी रेकॉर्ड करतेय. व्हिडिओ कॉल आणि मोठी फाईल एकदम चालू असली की लॅपटॉप गरम होतो, चित्र कॉम्प्रेस करायचं काम त्याच्याच डोक्यावर ना. मेल, वर्ड, ट्रान्सलेशन याला काही फरक पडत नाही. नवीन एम4 च्या एअरला झाकण उघडं ठेवून पण दोन चालतात म्हणे, पण तेवढ्यासाठी कोण बदलणार.

काणकोणचा सोयरू

माझ्याकडे दुसरा मॉनिटर म्हणजे हॉलमधला 43 इंची 4के टीव्ही. डॉकवरून माऊस असा चालतो जसा पाण्यातून चाललाय. टीव्ही बिघडलाय का? डिश लावली तर बरा दिसतो.

पर्वरीचा खटपट्या

सोयरू, तो 30 हर्ट्झवर आलाय, पैज. 4के ला 60 वर जवळपास 13 लागतात, तुझ्या दोन जोड्यांत ते मावत नसतील. टीव्हीला 1080 वर टाकून बघ, माऊस पाण्यातून बाहेर येईल.

मृणाल, तुझ्यासाठी तीन वाटा. एक, असा डॉक घ्यायचा जो चारही जोड्या चित्राला देतो आणि यूएसबी 2.0 वर ठेवतो, मग 17 च्या वर मिळतात आणि तुझे 11.6 आरामात बसतात. कीबोर्ड-माऊसला 2.0 भरपूर, बाहेरची हार्ड डिस्क मात्र रडत चालेल. दोन, तुझ्या पोर्टाशेजारी विजेचं छोटं चिन्ह असेल तर तो थंडरबोल्ट असू शकतो, पण काही कंपन्या तसंच चिन्ह चार्जिंगसाठी पण छापतात, म्हणून मॉडेलचं स्पेक बघ. थंडरबोल्ट 3 असेल तर त्याचा डॉक हा प्रश्नच सोडवतो, फक्त महाग. तीन, सगळ्यात स्वस्त, एक मॉनिटर डॉकवर ठेव आणि दुसऱ्याला लॅपटॉपच्या दुसऱ्या सी पोर्टातून सी-टू-डिस्प्लेपोर्ट केबल थेट टाक. त्या पोर्टातून चित्र बाहेर पडत असलं पाहिजे, सगळ्यांतून पडत नाही.

साखळीकर

चौथी वाट आहे की. मी ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम रिझोल्यूशन करून दोन्ही 2560×1440 ठेवले आणि हर्ट्झ 40 वर आणले. एका मॉनिटरनं घेतलं, दुसऱ्यानं `Out of range` लिहून तोंड फिरवलं. मग पहिला 40 ला ठेवून दुसऱ्यावर 1080, असा गेले सात महिने चाललोय. स्क्रोल करताना जरा अडखळतं, हिशेबाला चालतं.

फोंड्याची वैशाली

माझा प्रश्न कोणी सोडवेल का. दोन्ही 1080 मॉनिटर, नवा लॅपटॉप, डॉक चांगला. पण मी खुर्चीवरून उठले की डावा मॉनिटर दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. बसले तरी कधीकधी. घरचे म्हणतात भूत आहे. पावसात लाईट जाऊन इन्व्हर्टर लागतो तेव्हा पण होतं, तेव्हा मी समजू शकते, डॉकचा ॲडॅप्टर क्षणभर दचकत असेल.

पर्वरीचा खटपट्या

हसू नका कोणी, हे खरं आहे. गॅसवर खालीवर होणारी खुर्ची उठताना स्थिर विजेची ठिणगी सोडते आणि ती मॉनिटरच्या केबलमध्ये घुसते, डिस्प्लेलिंकवाल्यांनीच हे लिहून ठेवलंय. डाव्या मॉनिटरची केबल आखूड आणि चांगल्या शिल्डची घे, खुर्चीच्या पायापासून लांब ने. डॉकच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते पण इलेक्ट्रिशियनला बघायला सांग, जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

म्हापशेकर

माझं अजून मत केबलच. हे बघा, शेवटी केबलच निघाली.

डिचोलीची मृणाल

अपडेट. पोर्टाजवळ चिन्ह आहे पण स्पेकमध्ये थंडरबोल्ट कुठेच नाही, म्हणजे ते चार्जिंगचं. मग सी-टू-डिस्प्लेपोर्ट केबल मागवली, काल आली. डॉक डाव्या पोर्टात, ही उजव्यात. दोन्ही 2560×1440, दोन्ही 60, `Advanced display` मध्ये बघूनच लिहितेय. एक केबल लावून उठायचं स्वप्न मात्र दोन केबलींचं झालं, आणि दोन्ही पोर्ट भरले म्हणून पेनड्राइव्हसाठी डॉकच. लॅपटॉपची स्क्रीन चालू ठेवून हे तीन होतात, चौथा लावायला गेले तर लागत नाही, तीनच झेपतात म्हणे याला. मला तीन पुरे.

लाईट गेली की डॉक आणि मॉनिटर बंद पडतात आणि सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन ढीग होतो, त्याला डॉक आणि दोन्ही मॉनिटर एका छोट्या यूपीएसवर टाकायचा विचार आहे. किती व्हीए चा लागेल, कोणी लावलाय का?

फोंड्याची वैशाली

स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून बसतेय. पाठ दुखते, पण कालपासून मॉनिटर दोनदाच गेला. आणि त्या दोन्ही वेळा मी हललेच नव्हते.