मदत हवी आहे: वेगवेगळ्या लांबीच्या व्हिडिओंचा एकच सर्व्हायव्हल कर्व्ह काढावा का?

द्राक्षवेल_तासगाव
नमस्कार. आमच्या बागायतदार गटाचे छाटणी, डिपिंग आणि फवारणीवरील व्हिडिओ आम्ही स्वतःच्या ॲपवर ठेवतो, त्यामुळे कोणता दर्शक कितव्या सेकंदाला बाहेर पडला याची नोंद हाती आहे. काही व्हिडिओ चार मिनिटांचे, काही बारा मिनिटांचे आहेत. सर्व नोंदी एकत्र करून काढलेला सर्व्हायव्हल कर्व्ह, म्हणजे कोणत्या क्षणी किती टक्के दर्शक अजून टिकून आहेत हे दाखवणारी रेषा, चौथ्या मिनिटाला एकदम कोसळते. तिथे लोक खरोखरच कंटाळतात, की हा मांडणीचा दोष आहे?

मिरज_तानपुरा
सेकंदांऐवजी व्हिडिओचा किती टक्के भाग पाहिला, हे आडव्या अक्षावर घ्या. सगळे व्हिडिओ शंभरावरच संपतील आणि मधला कडा नाहीसा होईल.

वाईकर७
माझ्या चॅनेलच्या आलेखात तर रेषा मध्येच शंभर टक्क्यांच्या वर जाते. तुमचाही प्रश्न हाच आहे का?

अजिंक्यतारा_सांख्यिकी
वाईकर, तो प्रकार वेगळा आहे. लोक मागे जाऊन तोच भाग पुन्हा पाहतात आणि ते पाहणेही मोजले जाते. सर्व्हायव्हल कर्व्ह कधीच वर चढत नाही.

मूळ प्रश्नाबद्दल: शेवटपर्यंत पाहणाऱ्याला तुम्ही ‘सोडून गेला’ असे धरले आहे. त्याच्यापुढचा व्हिडिओच संपला, त्यामुळे तो आणखी किती वेळ थांबला असता हे आपल्याला कळत नाही. अशी नोंद सेन्सॉर्ड, म्हणजे तिथपर्यंतच माहीत असलेली, धरावी लागते. समजा, दोन्ही प्रकारचे व्हिडिओ प्रत्येकी १०० जणांनी सुरू केले आणि चौथ्या मिनिटाला छोट्यात ४०, मोठ्यात ६० जण उरले. तुमच्या पद्धतीने कर्व्ह तिथे ५० टक्क्यांवरून ३० वर येतो. पुढच्या मिनिटात मोठ्यातले ६ जण गेले, तर हॅझर्ड, म्हणजे तोवर उरलेल्यांपैकी सोडून जाणाऱ्यांचा दर, ६० पैकी ६, म्हणजे मिनिटाला १० टक्के; कर्व्ह ५० वरून ४५ वर येईल. मात्र चौथ्या मिनिटानंतरचा हिशेब फक्त मोठ्या व्हिडिओंच्या दर्शकांवर उभा आहे. छोट्यांचे दर्शकही तसेच वागले असते हे गृहीतक मला पटत नाही, म्हणून मी आधी प्रत्येक व्हिडिओचा कर्व्ह वेगळा काढीन. `left` मध्ये सोडून गेलेल्याला १, शेवटपर्यंत पाहणाऱ्याला ० द्या.

```r
library(survival)
survfit(Surv(sec, left) ~ video, data = d)
```

टक्क्यांचा उपाय शेवटाकडचा भाग पाहण्यापुरता चांगला आहे. पण दहा टक्के म्हणजे छोट्यात २४ सेकंद आणि मोठ्यात ७२ सेकंद, आणि सुरुवातीची गळती तर सेकंदांवरच ठरते.

द्राक्षवेल_तासगाव
आभारी आहे, सर. आता तो कडा गेला, हॅझर्ड पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक आणि नंतर उतरता दिसतो. म्हणजे दर्शक हळूहळू रमत जातो, असे म्हणावे का? शिवाय ‘धन्यवाद, पुन्हा भेटू’ सुरू होताच हॅझर्ड पुन्हा उसळतो.

अजिंक्यतारा_सांख्यिकी
रमतो असे लगेच म्हणू नका. चुकून उघडणारे आधीच निघून जातात आणि खरे गरजू मागे राहतात. एकेका माणसाचा हॅझर्ड स्थिर असला तरी समूहाचा उतरताच दिसेल. एकच शेतकरी अनेक व्हिडिओ पाहत असेल, तर त्याच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्रही नसतात. निरोपाच्या भागाबद्दल बोलायचे तर मी माहिती संपते तिथेच नोंद सेन्सॉर करतो.

मिरज_तानपुरा
पण माहिती कुठे संपली हे ठरवणार कोण? फवारणीच्या व्हिडिओत औषधाचे प्रमाण शेवटच्या वाक्यात सांगितलेले असते.

अजिंक्यतारा_सांख्यिकी
प्रत्येक व्हिडिओ पाहून ती वेळ हाताने नोंदवावी लागेल. त्याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.