कंपनीतला पहिला दिवस: लॉकर, कॅन्टीन, चहा कोणी दाखवला?

टर्नर_भोसरी
आज फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये एक नवीन पोरगा चढला. कोरे सेफ्टी शूज, हातात कागदांची पिशवी. मला आमच्या सीएनसी सेक्शनचे काका आठवले. एचआरने दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवली होती, पण कंपनी कळली ती काकांमुळे.

गेटवरच म्हणाले, "ये. आठवडाभर तू माझ्याबरोबर. काही अडलं तर आधी मला विचार." तिथून थेट लॉकर. कुलूप आपलं आणायचं, दुसरी चावी घरी ठेवायची. अंगठी, कडं, गळ्यातला दोरा इथेच काढायचा. माझ्या बोटात आजीची अंगठी, मी जरा घुटमळलो. ते ओरडले नाहीत. ड्रिलिंग मशीनजवळ नेऊन फिरता स्पिंडल दाखवला. "शर्ट अडकला तर फाटतो. अंगठी फाटत नाही, बोट जातं. इथे हातमोजेही घालायचे नाहीत, त्याच कारणाने."

मग चहा. 10 मिनिटांचा ब्रेक, त्यातला निम्मा वेळ कॅन्टीनला जाण्यायेण्यात. म्हणाले, "भोंगा वाजला म्हणून पळू नको. सायकल पूर्ण होऊ दे, चक थांबू दे, मग ये. तुझा कप मी काढून ठेवतो."

चहाहून आल्यावर त्यांनी जे दाखवलं ते मी आजही नवीन मुलांना दाखवतो. बोअर 40 मिमी, वर फक्त 25 मायक्रॉनची मोकळीक, खाली शून्य. मशीन 10 मिनिटं थांबलं की गार होतं आणि साइज सरकते. चहाआधीचा शेवटचा पीस बोअर गेजवर 19 दाखवत होता, नंतरचा पहिला 27. म्हणजे रिजेक्ट. मी ऑफसेट मारायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं. "थांब. दोन-तीन पीसांत मशीन परत गरम होईल. आत्ता ऑफसेट मारलास तर मग साइज खाली जाईल." खरंच चौथा पीस पुन्हा 20 वर. त्यांची पद्धत अशी की ब्रेकच्या आधीच साइज 12च्या आसपास आणून ठेवायची, आणि परतल्यावरचा पहिला पीस मोजल्याशिवाय ट्रेमध्ये टाकायचा नाही.

तुम्हाला कोणी काय दाखवलं? लिहा.

शिरोलीकर
भावा, वाचून लय बरं वाटलं. आमची फाउंड्री. आमच्या मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, भट्टीवरनं आल्या आल्या गटागटा पाणी प्यायचं नाही, घोट घोट प्यायचं, आणि जेवणात ताकात मीठ जास्त घालून घ्यायचं. कॅन्टीनचा वाढपी ओळखीचा करून दिला. "हा पोरगा मोल्डिंगचा हाय, ह्याला ताक दोनदा दे." वाढपी ओळखीचा असला की काम सोपं होतं बघा.

शीतल_रांजणगाव
आमच्याकडे वायरिंग हार्नेस, लाइनवर सगळ्या मुलीच. ताईंनी आधी विचारलं, "डबा आणलास का?" मग सांगितलं, डबा लॉकरमध्ये ठेवायचा नाही, उंदीर येतात, कॅन्टीनच्या रॅकवर नाव लिहून ठेव. मोबाइल मात्र लॉकरमध्येच. घरी लाइन लीडरचा नंबर देऊन ठेव, म्हणजे कोणी आजारी पडलं तर निरोप येईल. आईचा जीव भांड्यात पडला तो त्यामुळे. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

आयटीआय_2023
चाकणला फिटरची भरती चालू आहे का कोणाकडे? ट्रेनी पण चालेल.

टर्नर_भोसरी
भाऊ, मेसेज कर, बघतो. कागदांत आयटीआयची मूळ मार्कशीट असू दे.

वाळूजचा_सचिन
चहाचा ब्रेक ही काही कंपनीची मेहेरबानी नाही. फॅक्टरी ॲक्टमध्येच 10 मिनिटं दोनदा लिहिली आहेत. नवीन मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगा.

निवृत्त_पर्सोनेल
सचिनराव, भावना बरोबर आहे, पण कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं. 1948 च्या कायद्यात सलग 5 तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती होती, ती म्हणजे जेवणाची सुट्टी. चहाची 10 मिनिटं युनियनच्या करारातून किंवा वहिवाटीतून आलेली. म्हणूनच प्रत्येक कंपनीत वेगळी. कॅन्टीन मात्र कायद्यातच होतं, 250 च्या वर कामगार असले की सक्तीचं. नव्या संहितेत तो आकडा 100 वर आला आहे, आणि कंत्राटी कामगारही त्यात मोजायचे आहेत.

वाळूजचा_सचिन
मग कंत्राटी पोरांना आमच्याकडे वेगळ्या रांगेत वेगळी भाजी का? मोजायला आमच्यात आणि वाढायला वेगळे?

निवृत्त_पर्सोनेल
ते बरोबर नाही. पण त्यावर युनियन आणि ठेकेदार दोघांनाही एकत्र बसवावं लागतं. आमच्याकडे ते माझ्या निवृत्तीपर्यंत सुटलं नव्हतं.

बॅटरीवाला
माझा अनुभव जरा वेगळा, लेड ॲसिड बॅटरीच्या प्लांटचा. तिथे लॉकर एक नसतो, दोन असतात आणि मध्ये न्हाणीघर. घरचे कपडे अलीकडच्या लॉकरमध्ये, कामाचे पलीकडच्या. कामाचा युनिफॉर्म घरी न्यायचाच नाही, कंपनीच धुते.

मला घेऊन फिरणारा दादा कमी बोलायचा. चहाच्या वेळी त्याने मला बेसिनपाशी उभं केलं. हात कोपरापर्यंत, नखं ब्रशने, मग तोंड, चूळ भरायची, आणि मास्क प्लांटच्या बाजूलाच ठेवून मग कॅन्टीन. मी म्हटलं, हात तर स्वच्छ दिसतायत. तो म्हणाला, "शिसं दिसत नाही, वासही येत नाही. बिस्किटाबरोबर पोटात जातं." त्याच्या शेजारच्या मशीनवरचा एकजण प्लांटमध्येच तंबाखू मळायचा. रक्ततपासणीत त्याचं शिसं बाकीच्यांपेक्षा खूप वर निघालं, पोटात कळा यायच्या, शेवटी त्याला त्या सेक्शनमधून काढून दुसरीकडे बसवलं. मशीन तेच, हवा तीच, फरक फक्त तंबाखूच्या हाताचा, असं दादाचं म्हणणं. डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत नाही. "घरी लहान मूल आहे ना? मग केस धुतल्याशिवाय गेटबाहेर पडू नको," हेही त्यानेच सांगितलं.

शीतल_रांजणगाव
बापरे. बॅटरीवाले दादा, तुमचं रक्त तपासतात का अजून?

बॅटरीवाला
हो ताई, नियमित. रिपोर्ट मागून घेतो, फाइल करून ठेवली आहे. नुसतं "नॉर्मल आहे" असं सांगितलं तर आकडा मागायचा.

शिरोलीकर
तंबाखूचं आमच्यातबी सांगाय पायजे. वाळूच्या हातानं मळत्यात पोरं.

नाशिकची_वैशाली
मी उद्यापासून अंबडला जॉइन होते आहे, असेंब्लीला. मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवायचं म्हणजे सासूबाई नाराज होतील. तुम्ही कसं केलंत?

शीतल_रांजणगाव
आमच्या लाइनवर फिरतं मशीन नाही, म्हणून छोटं पोतीचं युनिफॉर्मच्या आत चालतं. प्रेस किंवा ड्रिल असेल तर काढायचंच. आमच्यातल्या एकीने सासूबाईंना फॅमिली डेला मशीन दाखवलं, मग त्याच म्हणाल्या, घरीच ठेवून जा. तुझ्या स्टेशनला काय आहे ते उद्या विचार आणि इथे सांग.

टर्नर_भोसरी
वैशालीताई, बांगड्याही. आणि केसांना जाळी लागते, ती बहुतेक कंपनी देते, तरी एक पर्समध्ये असू द्या.