गंजलेलं पिंप नुसत्या नोड्सवर: जमतं, की नुसता हट्ट?

रात्रीचा_रेंडर
ब्लेंडरमध्ये २०० लिटरचं निळं पिंप करतोय, रंग उडालेला, गंज चढलेला. एकही इमेज टेक्स्चर वापरायचं नाही असं ठरवलंय. नॉईज, कलर रॅम्प, बंप सगळं लावून झालं, पण गंज कमी आणि चॉकलेट सांडल्यासारखं जास्त दिसतंय. नॉईजचं स्केल ५, डिटेल २, बाकी जसं होतं तसंच. चुकतंय कुठे? की मुळात हा हट्टच चुकीचा?

सरळसोट
हट्टच आहे. गंजाचा चांगला फोटो फुकट मिळतो, जोडला की दहा मिनिटांत विषय संपला. चाळीस नोडचं जाळं विणून शेवटी ढगच दिसतात, कारण नॉईज म्हणजे ढगच, आणि खरा गंज काही ढगासारखा नसतो.

घाटावरची
शेवटचं पटलं, पण त्यात नॉईजचा काय दोष? गंज कुठे चढवायचा हेही त्यालाच विचारलं तर तो बिचारा ढगच देणार.

आधी माप बघा. टेक्स्चर कोऑर्डिनेटमधून जनरेटेड जोडलंय का? ते पिंपाची उंची आणि रुंदी दोन्ही ० ते १ मध्ये कोंबतं, आणि पिंप असतं साधारण ५८ सेंमी रुंद, ८८ सेंमी उंच, म्हणजे प्रत्येक डाग उभा दीडपट ताणला जातो. ऑब्जेक्ट घ्या, आणि पिंपाचं स्केल Ctrl+A ने अप्लाय करून टाका, मग नॉईजचा आकडा मीटरमध्ये वाचता येतो: स्केल ५ म्हणजे मीटरभरात साधारण पाच डाग. आता डिटेल २ म्हणजे त्यावर फक्त दोनदा बारीक थर चढतो, दर वेळी निम्मा, म्हणजे तुमचा बारीकात बारीक खवला पाच सेंमीचा निघाला. चॉकलेट तिथूनच येतंय. डिटेल ८ करा, बारकावा मिलिमीटरच्या आत जातो.

दुसरं म्हणजे रॅम्प. नॉईजचे आकडे बहुतेक ०.३ ते ०.७ मध्येच घुटमळतात, तुम्ही रॅम्पचे टोक ० आणि १ वर ठेवले असतील तर निळा हळूहळू तपकिरी होत जातो, आणि असा रंग कुठल्याच पिंपावर नसतो. एकतर रंग आहे नाहीतर गंज आहे. एक स्टॉप ०.५८ ला, दुसरा ०.६२ ला, एवढं जवळ आणा.

पत्रा_आणि_पाना
मला ब्लेंडर येत नाही, पोरगा शिकतोय म्हणून इथे वाचतो. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पिंपं आयुष्यभर बघितली. पिंप मनाला येईल तिथे गंजत नाही. आधी गंजतो तळाचा काठ, कारण ते ओल्या जमिनीवर उभं असतं. मग वरचं झाकण, ते काठापेक्षा आत बसलेलं असतं ना, तिथे पावसाचं पाणी साचतं आणि जायला वाटच नसते. आणि मधल्या दोन रिंगा, कारण पिंप घरंगळत नेतात तेव्हा सगळा भार त्या दोन रिंगांवर, रंग तिथलाच घासला जातो. मधला सपाट पत्रा बरीच वर्षं निळा राहतो, ठोकर लागली तिथेच काय तो ठिपका. आणि एक, गंज फुगतो. लोखंडापेक्षा त्याला जागा जास्त लागते म्हणून तो रंगाला खालून उचलतो, पोपडा धरतो. चित्रात सगळे गंज खड्ड्यासारखे का दाखवतात कळत नाही.

घाटावरची
काका, तुम्ही सगळा मास्कच सांगून टाकलात. हे नोड्समध्ये असं बसतं (पिंपाचा ओरिजिन तळाच्या मधोमध हवा):

```
rust = noise + 0.3*bottom + 0.3*edge
mask = ramp(rust, 0.58, 0.62)
```

bottom म्हणजे ऑब्जेक्ट कोऑर्डिनेटचा Z वेगळा काढून मॅप रेंजला द्यायचा, ० वर १ आणि ०.१५ वर ०, म्हणजे तळापासून १५ सेंमीपर्यंत जोर ओसरत जातो, क्लॅम्प चालू ठेवायचं. तळाला नॉईज ०.३ असला तरी बेरीज ०.६ होते म्हणून तिथे जवळपास सगळं गंजतं, वर मात्र नॉईज स्वतःच ०.६ च्या पुढे गेला तिथेच ठिपका. गंमत अशी की बेरीज रॅम्पच्या आधी झाली म्हणून सीमा वेडीवाकडीच राहते. दोन वेगळे मास्क करून नंतर मिक्स केले असते तर तळाला पट्टा मारल्यासारखं दिसलं असतं. बहुतेक जण नेमके इथेच फसतात.

रंगासाठी वेगळा नॉईज नको, तोच rust आकडा दुसऱ्या रॅम्पला द्या. ०.६ च्या आसपास केशरी, ०.७५ च्या पुढे काळपट तपकिरी. डागाच्या कडेला ताजा गंज, मधे जुना, आपोआप. आणि काका म्हणतात तसं बंपला मास्क सरळ द्या, इन्व्हर्ट करू नका, डिस्टन्स ०.००२, म्हणजे दोन मिलिमीटर.

मेटल_मन्या
ताई एवढा व्याप कशाला, काठासाठी जॉमेट्री नोडमधला पॉइंटिनेस घ्या, एक वायर, काम झालं. आणि मेटॅलिक १ ठेवायला विसरू नका, लोखंड आहे शेवटी, गंजावर ०.५ चालेल.

घाटावरची
पॉइंटिनेस वाईट नाही, पण तो व्हर्टेक्सवर मोजला जातो. बत्तीस बाजूंच्या सिलिंडरला मोजायला व्हर्टेक्सच नाहीत, तिथे नुसता धुरकट पट्टा येतो, जाळी खूप बारीक केली तर चांगला चालतो. त्यापेक्षा बेव्हल नोड, रेडियस ०.०१, त्याचा नॉर्मल आणि जॉमेट्रीचा नॉर्मल यांचा डॉट प्रॉडक्ट, आणि तो १ मधून वजा. सपाट जागी शून्य. काटकोनी काठावर बेव्हलचा नॉर्मल ४५ अंशांत झुकतो, डॉट ०.७ च्या आसपास येतो, म्हणून मॅप रेंजमध्ये ०.३ ला १ करा. दोन्ही गोष्टी फक्त सायकल्समध्ये चालतात हे मात्र खरं.

मेटॅलिकचं मात्र उलटं आहे. गंज म्हणजे ऑक्साइड, धातू नाही, मेटॅलिक ०. वरचा निळा रंग, तोही ०. म्हणजे "गंजलेल्या धातू"च्या मटेरियलमध्ये मेटॅलिक १ फक्त ताज्या ओरखड्यात, आणि उघड्यावर तो ओरखडा पावसाळाभर तरी टिकतो का? रफनेस मात्र वेगळा हवा, रंगाला ०.४, गंजाला ०.९. डोळ्याला गंज पटतो तो अर्धा या फरकामुळे.

मेटल_मन्या
०.५ ने माझं पिंप चांगलंच दिसतं ओ.

घाटावरची
अंधाऱ्या सीनमध्ये दिसेल. बाहेर आकाशाचा एचडीआरआय लावून बघा, गंजावर तांब्याच्या भांड्यासारखी झाक येते.

गेमवाला_गण्या
माझाही असाच प्रॉब्लेम, सगळं प्रोसीजरल केलं आणि गेम इंजिनात नेलं तर मॉडेल पूर्ण पांढरं. तुमचंही पिंप पांढरं दिसतंय का?

रात्रीचा_रेंडर
नाही भाऊ, माझं चॉकलेटी होतं 😄 मी रेंडर ब्लेंडरमध्येच करतोय.

घाटावरची
@गेमवाला_गण्या नॉईजचे नोड फाइलबरोबर बाहेर जात नाहीत, ते ब्लेंडरलाच कळतात. यूव्ही उघडा आणि सायकल्समध्ये बेक करा. मेटॅलिकला वेगळा बेक प्रकार नाही, म्हणून तो आकडा एमिशनमध्ये जोडून एमिट बेक करायचा, आणि ती इमेज नॉन-कलर ठेवायची.

सरळसोट
आली ना शेवटी इमेज! 😂

बरं, आता मला एक सांगा. ओघळ कुठे आहेत? पिंप म्हटलं की रिंगेखालून, ठिपक्याखालून तपकिरी पाण्याचे ओघळ उतरलेले असतात, माणूस आधी तेच बघतो. फोटोत ते फुकट येतात. तुमच्या बेरजेत ते कुठे बसतात?

घाटावरची
नेमकं दुखणं सांगितलंत. शेडर प्रत्येक बिंदूला एकटाच मोजतो, आपल्या वर पाच सेंमीवर गंज आहे की नाही हे त्याला माहीत नसतं. अर्धा उपाय आहे: तोच नॉईज Z मध्ये दोन सेंमी वरचा, चार सेंमी वरचा, असा पुन्हा पुन्हा काढायचा आणि कमी कमी जोराने मिळवायचा. मी सहा प्रती करते, ठिपक्याखाली ओघळ येतो, रेंडर मात्र जड होतं. पण बेव्हलचं असं करता येत नाही. तो जिथे आहे तिथूनच किरण सोडून काठ शोधतो, त्याला "दोन सेंमी वर जाऊन बघ" म्हणता येत नाही. त्यामुळे काठाखालचे ओघळ मी कलर ॲट्रिब्यूटवर हाताने रंगवते आणि नॉईजने फाडते. रंग व्हर्टेक्समध्ये साठतो, इमेज कुठेच नाही.

सरळसोट
हाताने रंगवलं मग प्रोसीजरल कसलं राहिलं? उद्या पन्नास पिंपं हवी असतील तर पन्नास वेळा रंगवणार?

घाटावरची
पन्नास पिंपांना तुमचा फोटोही पन्नास वेळा तोच दिसणार की. माझ्याकडे ऑब्जेक्ट इन्फोचा रँडम १०० ने गुणून ४डी नॉईजच्या W ला दिला की ठिपके प्रत्येक पिंपाचे वेगळे. ओघळ सारखे राहतील, ते मान्य. एकच पिंप असेल आणि कॅमेरा हातभर अंतरावर असेल तर मीही फोटोच घेईन, खपलीच्या आतली खपली नॉईजला जमत नाही.

रात्रीचा_रेंडर
रात्री बसून केलं. चॉकलेट गेलं! तळ आणि काठ झकास. पण एक विचित्र, रिंगा पूर्ण निळ्याच राहिल्या, रिंगेच्या दोन्ही बाजूंना हलकासा गंज आणि माथा कोरा. काका म्हणतात त्याच्या बरोब्बर उलटं. रेडियस वाढवून बघितला, फरक नाही.

घाटावरची
बरोबर आहे, माझ्या लक्षात यायला हवं होतं. रिंग गोलसर असते, तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंचे उतार सारखेच, सरासरी काढली की नॉर्मल होता तिथेच येतो, डॉट १, म्हणजे बेव्हलच्या मते तो सपाट पत्राच. रिंगेसाठी काठ शोधूच नका, अक्षापासूनचं अंतर मोजा. ऑब्जेक्ट कोऑर्डिनेटला (१, १, ०) ने गुणा, व्हेक्टर मॅथमध्ये लेंग्थ घ्या. पिंपाचा पत्रा २८ सेंमीवर, रिंगेचा माथा २९ वर असेल तर मॅप रेंज ०.२८५ ते ०.२९, आणि तेही ०.३ ने गुणून त्याच बेरजेत. तुमच्या मॉडेलची मापं वेगळी असतील तर आकडे बदला. जमिनीवर जे टेकतं तेच घासतं, हिशोब तोच.

पत्रा_आणि_पाना
पोराने तुमचं रेंडर दाखवलं. तळ खरा वाटतो. पण झाकण कोरं निळं कसं? पाणी तिथेच तर साचतं. आणि झाकणावर दोन बुचं असतात, एक मोठं एक लहान, ती कुठायत?

रात्रीचा_रेंडर
बुचं राहिली काका 🙈 झाकणाला नॉर्मलचा Z ०.९ च्या वर असेल तिथे जोर द्यावा म्हणतो, पण मग झाकण सगळं एकसारखं गंजेल ना?

पत्रा_आणि_पाना
एकसारखं नाही. पिंप थोडं कललेलं असतं, पाणी एका बाजूला साचतं. गंज चंद्रकोरीसारखा येतो.

सरळसोट
चंद्रकोरीचा फोटो आहे माझ्याकडे, पाठवू का?