प्रकल्प बंद होतोय: इंग्रजी मेल आज आणि मराठी उद्या, चालेल का?

मुग्धा: आमचा प्रकल्प बंद होतोय. बारा जणांपैकी आठ दुसऱ्या टीममध्ये जाणार, चौघांचं अजून ठरलेलं नाही. काहींना मराठीच सोयीची, काहींना फक्त इंग्रजी येतं. वरिष्ठ म्हणतात, इंग्रजी मेल आज पाठवा, मराठी उद्या. मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

शरद: वरिष्ठांचं बरोबर आहे. मराठीसाठी थांबलात तर मेल जायच्या आधीच कुजबुज सुरू होईल. शिवाय दोन मजकूर म्हणजे दोन अर्थ. इंग्रजीत लिहा, मराठीत तोंडी समजवा.

वैशाली: शरदराव, कुजबुज होते ती ज्यांना झळ बसणार त्यांना आधी सांगितलं नाही म्हणून. मुग्धा, सकाळी त्या चौघांना एकेक करून भेट, ज्याच्या-त्याच्या भाषेत बोल. मग आठ जणांना भेट, तेव्हा त्यांचे नवे टीमप्रमुख हजर हवेत. त्याच दुपारी सगळ्यांना एकच मेल, दोन्ही भाषा एकाखाली एक. चौघांची नावं त्यात नकोत.

दोन अर्थांची भीती मात्र खरी आहे. मराठीत लिहिताना हात मऊ होतो. इंग्रजीत 'महिनाअखेरीस बंद' आणि मराठीत 'तूर्तास थांबवत आहोत' असं गेलं, की माणसं काम पुन्हा सुरू होण्याची वाट बघत बसतात. म्हणून प्रत्येक मजकूर अशा माणसाला वाचायला दे, ज्याने दुसरा पाहिलेला नाही. काय बंद झालं, कधीपासून, सोमवारी काम कुणाला दाखवायचं, एवढंच विचार. उत्तरं जुळली नाहीत तर मेल पाठवू नकोस.

इरफान: मला तर प्रकल्प रद्द झाल्याचं ग्रुपमधून काढल्यावर कळलं. मी कंत्राटी होतो, आणि मेल फक्त कायम कर्मचाऱ्यांच्या यादीवर गेला होता. भाषेचा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही. ताई, आधी यादी बघा.

शरद: चौघांना सकाळी सांगितलंत, तर चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल.

वैशाली: कळू दे. 'कुणाला सांगू नका' असं त्यांना बजावणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून तर मेल आदल्या दिवशीच तयार हवा.

मुग्धा: दोन्ही भाषा एकत्र, हे वरिष्ठांना पटलं. कंत्राटी दोघं यादीत नव्हते, ते घातले. पण चौघांचा निर्णय कधी होईल, ती तारीख द्यायला वरिष्ठ तयार नाहीत.

वैशाली: मग खोटी तारीख देऊ नकोस. 'येत्या शुक्रवारी पुन्हा कळवू, तोवर ठरलं नसेल तर तसं सांगू' असं लिही. आणि शुक्रवारी खरंच कळव.

शरद: हे मला नाही पटत. शुक्रवारी हात हलवत गेलात तर माणसं जास्त चिडतील.

इरफान: मी चिडलो असतो. पण निदान कुणाला विचारायचं ते तरी कळलं असतं.