११ च्या गुणाकाराची स्क्रिप्ट: हातच्याचं काय?

«संख्येचे दोन अंक एकमेकांपासून लांब करा, मधे त्यांची बेरीज लिहा, एवढं दाखवलं की २० सेकंदांत व्हिडिओ संपतो.»

११ ने गुणायच्या छोट्या व्हिडिओसाठीची ही सूचना ४५ × ११ = ४९५ पुरती बरोबर आहे, पण बेरीज १० किंवा जास्त झाली की मुलं फसतात. ७८ × ११ चं उत्तर ती सरळ ७१५८ लिहितात. म्हणून उदाहरण ७८ चंच घ्या. पहिले ३ सेकंद पडद्यावर फक्त ७८ × ११. सहाव्यापर्यंत ७ आणि ८ बाजूला सरकतात, मधे रिकामा चौकोन राहतो. मग ७ + ८ = १५ हे चौकोनाच्या वर दिसू दे, आत नको; सगळी चूक इथेच होते. दहाव्या सेकंदाला ५ खाली चौकोनात उतरतो, तेराव्याला हातचा १ डावीकडे ७ वर जाऊन त्याचा ८ होतो. उत्तर ८५८.

आवाज अंकाच्या पुढे धावू देऊ नका: आधी अंक दिसावा, मग उच्चार. शेवटचे ४ सेकंद ७८० + ७८ = ८५८ दाखवायला ठेवा, म्हणजे ७८ च्या दहापटीत ७८ मिळवलेत हे कळतं आणि ७१५८ अशक्य आहे हेही. ९३ सारखी संख्या मात्र पुढच्या व्हिडिओत घ्या. तिथे ९ चे १० होऊन उत्तर १०२३, चार अंकी येतं.